१,७५,९९२ मतांना चार जागा आणि १,७८,७३५ मतांना पाच: दोष नेमका कुणाचा?

आकडेवेडा (धागाकर्ता):
इस्रायलच्या २०२२ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला १,७५,९९२ मते आणि ४ जागा मिळाल्या, तर हदाश-तआल या यादीला १,७८,७३५ मते आणि ५ जागा. लिकुड या सर्वात मोठ्या पक्षाला एक जागा सरासरी ३४,८५४ मतांना पडली, मजूर पक्षाला ४३,९९८ मतांना. जागावाटपाची तिथली सर्वाधिक सरासरीची पद्धत ही मोठ्या पक्षांनी स्वतःसाठी करून घेतलेली सोय आहे आणि १९७३ पूर्वीची सर्वात मोठ्या बाकीची पद्धत परत आणावी, असे माझे मत आहे. विरुद्ध मत असल्यास ऐकायचे आहे.

पाटीपेन्सिल:
मी आपल्याशी सहमत आहे, आणि आकडेही तेच सांगतात. किमान मतांची अट पार केलेल्या दहा याद्यांची मते एकत्र करून १२० ने भागली, की एका जागेचा कोटा ३६,२२८ च्या आसपास येतो. या कोट्याने मजूर पक्षाचे ४.८६ भाग होतात आणि लिकुडचे ३०.७९. पूर्ण भागांच्या जागा देऊन झाल्यावर ७ जागा उरतात. त्या मोठ्या बाकीच्या क्रमाने वाटल्या असत्या, तर मजूर पक्षाला पाचवी जागा मिळाली असती आणि लिकुड ३१ वर थांबला असता. प्रत्यक्षात लिकुडला ३२ मिळाल्या. म्हणजे सर्वाधिक सरासरीची पद्धत आणणाऱ्या बादेर-ओफेर कायद्याने लहानाच्या ताटातला घास मोठ्याच्या ताटात टाकला, हे उघड आहे.

भागाकार:
आपला हिशेब बरोबर आहे, पण आरोपी चुकीचा पकडला आहे. सर्वाधिक सरासरीच्या पद्धतीत प्रत्येक यादीची मते तिच्या आतापर्यंतच्या जागांत एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागतात आणि ज्याचा भागाकार सर्वात मोठा, त्याला पुढची जागा देतात. मजूर पक्षाची मते ५ ने भागली तर ३५,१९८ येतात, लिकुडची ३२ ने भागली तर ३४,८५४. या दोघांत मजूर पक्षच पुढे आहे. मी सगळ्या याद्या अशाच एकेकट्या धरून वाटप करून पाहिले, तेव्हा मजूर पक्षाला ५ आणि लिकुडला ३१ च जागा आल्या. मोठ्या बाकीच्या पद्धतीशी तुलना करता फरक फक्त एका जागेचा पडला: संयुक्त तोरा पक्षाची आठवी जागा येश अतीद पक्षाची चोविसावी झाली.

मजूर पक्षाची जागा गेली ती उरलेल्या मतांच्या करारांमुळे. तिथे दोन याद्यांना मतदानापूर्वी करार नोंदवता येतो आणि मग वाटपापुरती त्यांची एकच यादी धरली जाते. असा करार केलेल्या लिकुड आणि धार्मिक झायोनिझम या याद्यांची एकत्रित मते १६,३१,८०६ होती. त्यांना ४६ ने भागले की ३५,४७४ येतात, आणि शेवटची जागा याच भागाकाराने गेली. जोडीच्या आत ती लिकुडच्या वाट्याला आली. मजूर पक्षाला आणखी सुमारे १,३८० मते मिळाली असती, तर ती त्याचीच होती.

अश्दोदकर:
मी इथे इस्रायलमध्ये राहतो आणि मत देतो, म्हणून थोडी भर घालतो. इथे पडद्यामागे पक्षांच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या मांडून ठेवलेल्या असतात. आपण एक उचलायची, पाकिटात घालायची आणि पाकीट पेटीत टाकायचे. त्या चिठ्ठीवर कराराचा शब्दही नसतो. मजूर पक्षानेही मेरेत्झ पक्षाशी करार केलाच होता, परंतु मेरेत्झला १,५०,७९३ मते पडली आणि सव्वातीन टक्क्यांची अट सुमारे चार हजार मतांनी हुकली. अट हुकलेल्या यादीशी केलेला करार रद्द होतो, त्यामुळे ती मतेही गेली आणि करारही. आमच्याकडे या गोष्टीवर जेवढे भांडण झाले, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही बादेर-ओफेरवर झाले नाही. दोष अटीचा आहे, भागाकाराचा नव्हे.

वॉर्ड नंबर नऊ:
स्थायी समितीचा विषय दिसला म्हणून लिहितो. आमच्या महापालिकेत ७५ नगरसेवक आणि समितीत १६ जागा. तौलनिक संख्याबळ काढले तेव्हा ३५ जणांच्या पक्षाचे ७.४७ आले, २२ जणांच्या पक्षाचे ४.६९, १० जणांचे २.१३ आणि आमच्या ७ जणांचे १.४९. उरलेल्या दोन जागांपैकी दुसरी आमची ठरत होती. पुढे एकुलता एक अपक्ष मोठ्या पक्षाच्या गटात नोंदला गेला, त्यांचे ७.६८ झाले आणि आमची जागा गेली. एका माणसाच्या सहीने हे घडले. यावर दाद कुठे मागावी?

भागाकार:
विषय स्थायी समितीचा नव्हता, पण उदाहरण नेमके लागू पडते. आपल्याकडचे वाटप मोठ्या बाकीचेच होते, तरीही जागा मोठ्याकडेच गेली. दाद कुठे मागावी, हे वकिलाला विचारा. मात्र एवढे दिसते की या पद्धतीत पूर्ण कोट्याची जागा महाग पडते आणि बाकीवरची स्वस्त, त्यामुळे जुळवाजुळव करणाऱ्याचे फावते.

हाँगकाँगमध्ये तर याच पद्धतीत जोडण्याऐवजी तोडण्याचा उद्योग चालला. समजा, ५ जागा आहेत, एक लाख मते आहेत आणि कोटा २० हजार. मोठ्या पक्षाला ४६ हजार, इतर तिघांना २३, १७ आणि १४ हजार मते आहेत. मोठ्याला कोट्याच्या दोन जागा मिळतात आणि त्याची ६ हजारांची बाकी वाया जाते. त्याने १६, १५ आणि १५ हजारांच्या तीन याद्या केल्या, तर तिन्ही बाकीवर निवडून येतात आणि १४ हजारांचा पक्ष बाहेर पडतो. २०१२ मध्ये न्यू टेरिटरीज वेस्ट या ९ जागांच्या मतदारसंघात डीएबी या पक्षाने तीन याद्या उभ्या केल्या आणि तिन्हींचा एकेक उमेदवार आला. सर्वाधिक सरासरीत वरच्या उदाहरणातल्या मोठ्या पक्षाला याद्या न फोडताही तीनच जागा मिळतात, म्हणून फोडण्यात लाभ नाही.

आकडेवेडा:
हाँगकाँगचे उदाहरण इथे लावू नये. इस्रायलमध्ये सगळा देश एकच मतदारसंघ आहे आणि प्रत्येक यादीला सव्वातीन टक्के, म्हणजे सव्वाचारहून थोडे अधिक कोटे, मिळवावेच लागतात. एकेका जागेच्या चिंध्या तिथे टिकणारच नाहीत. करारांबद्दल मात्र माझी चूक झाली. तो भाग मी पाहिलाच नव्हता.

भागाकार:
अटीचा मुद्दा मान्य. तरीही कागदावर पाहिले, तर लिकुडने आपली मते प्रत्येकी ०.७६ च्या आसपास बाकी राहील अशा पाच याद्यांत वाटली असती, तर मोठ्या बाकीच्या पद्धतीतही त्याला ३२ जागा आल्या असत्या आणि संयुक्त तोराची आठवी गेली असती.

पाटीपेन्सिल:
मी पडताळले. संयुक्त तोराची बाकी ०.७३ आहे, म्हणजे पाचपैकी प्रत्येक यादीत जेमतेम आठशे मतांची मोकळीक उरते. अकरा लाख मतदारांना इतक्या नेमकेपणाने कोण वाटणार? करार रद्द करा आणि भागाकार तसाच ठेवा, एवढ्यावर मी यायला तयार आहे.

अश्दोदकर:
तसे केले तर २०२२ च्या निकालात फक्त एक जागा लिकुडकडून मजूर पक्षाकडे जाते, बाकी काही बदलत नाही. पण करार करणाऱ्यांत लहान पक्षही असतात आणि पुढच्या खेपेस शेवटची जागा आपल्याच जोडीला मिळेल, असे प्रत्येकाला वाटते. कायदा बदलायला हात त्यांनीच वर करायचे आहेत.

वॉर्ड नंबर नऊ:
आमच्याकडे तो अपक्ष सव्वा वर्षाने परत फुटला. समिती मात्र तीच राहिली.