अनुभव धागा : ठाण्याच्या आठ कबड्डी संघांची नावे कशी ठरवावीत?

धागाकर्ता : आमच्या ठाण्याच्या स्पर्धेत चेंदणी, वागळे इस्टेट, येऊर, कळवा, नौपाडा, कोपरी, माजिवडा आणि मुंब्रा असे आठ संघ आहेत. नावे व्यावसायिक संघांसारखी दमदार हवीत, पण वस्तीची ओळखही पुसू नये. पहिल्या यादीत तीन संघांनी ‘वाघ’ मागितला आहे. आपापले अनुभव लिहावेत.

येऊरकर : आमच्या जंगलात वाघ नाही, बिबट्या आहे, त्यामुळे ‘येऊर बिबटे’ हेच खरे नाव. वागळेला केवळ ‘वा’ जुळतो म्हणून वाघ देऊ नये.

लेथवरचा : वागळे इस्टेट कारखान्यांवर वाढली. माझे वडील तिथे फिटर होते, म्हणून मी ‘वागळे फिटर्स’ सुचवतो.

अनुप्रासप्रेमी : 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा सर्वच संघांची आद्याक्षरे जुळत होती. ‘पुणेरी पलटण’, ‘पाटणा पायरेट्स’, ‘तेलुगू टायटन्स’ पाहा.

निवेदक : सर्वच नव्हे, ‘यू मुंबा’ आणि ‘बंगाल वॉरियर्स’ त्याच वर्षीचे. मी मैदानावर निवेदन करतो, त्यामुळे माझी कसोटी वेगळी आहे. चढाई तीस सेकंदांची असते आणि तेवढ्यात मला संघाचे नाव विभक्तीसह तीन-चारदा घ्यावे लागते. ‘तांडेलांची चढाई’, ‘फिटर्सची पकड’ हे सहज निघते, म्हणून कोळीवाड्याच्या ‘चेंदणी तांडेल’ला माझे मत आहे. एका स्पर्धेत ‘कळवा कोब्रा’ आणि ‘कोपरी कोब्रा’ समोरासमोर आले, तेव्हा लोण कोणावर चढला हे शेवटच्या रांगेला कळलेच नाही. कोपरी रेल्वे स्थानकाला लागून असल्याने तिला ‘कोपरी एक्स्प्रेस’ शोभेल.

खाडीकाठचा : कळव्यासाठी आम्ही ‘कळवा भरती’ ठरवले होते. फलक लागताच दोन तरुण नोकरीचा अर्ज कुठे मिळेल, असे विचारत आले. आता ‘कळवा उधाण’ म्हणतो.

नाट्यवेडी : गडकरी रंगायतन आमच्या जवळच आहे. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. त्यावरून ‘नौपाडा तिसरी घंटा’ हे नाव सुचले.

निवेदक : कल्पना उत्तम आहे, परंतु प्रेक्षक पहिले दोन शब्द गाळतील आणि संघ हरत असताना उरलेल्या शब्दाचे काय करतील, हे आपण जाणताच.

ऐरोलीकर : आमची गोष्ट वेगळी आहे. खाडीतल्या फ्लेमिंगोंवरून आम्ही ‘ऐरोली रोहित’ हे नाव घेतले. प्रतिस्पर्धी संघ विचारत राहिला, “हा रोहित कोण, आणि तो खेळायला का उतरत नाही?”

धागाकर्ता : म्हणजे बिबटे, फिटर्स, तांडेल, एक्स्प्रेस आणि उधाण ठरले. मुंब्र्याला डोंगरावरून ‘मुंब्रा कडा’ सुचले आहे, मात्र ‘कड्याची पकड’ निवेदकांना चालेल का? नौपाड्याने दुसरा शब्द शोधावा. माजिवड्याचे लोक अजूनही वाघावरच अडून बसले आहेत.