मदत हवी आहे: क्लायंटमुळे शिफ्टची वेळ बदलतेय, टीमला कसं कळवू?

मृण्मयी_हिंजवडी

नमस्कार मंडळी. मी एका आयटी कंपनीत प्रॉडक्शन सपोर्टची टीम सांभाळते. आम्ही अकरा जण, त्यात पाच मुली. सध्याची वेळ सकाळी ९.३० ते संध्याकाळी ६.३०. क्लायंट न्यू जर्सीचा आहे. त्यांनी कळवलंय की १ ऑक्टोबर २०२६ पासून त्यांच्या दुपारी १२ वाजेपर्यंत आपल्याकडचं माणूस फोनवर मिळालं पाहिजे. आमच्या डिलिव्हरी मॅनेजरांनी हिशोब करून सांगितलं, सगळ्यांची शिफ्ट दुपारी १२.३० ते रात्री ९.३० कर आणि या आठवड्यात मेल टाक.

मी लिहिलेला मसुदा असा: "क्लायंटच्या गरजेनुसार १ ऑक्टोबरपासून आपल्या टीमची कामाची वेळ दुपारी १२.३० ते रात्री ९.३० अशी राहील. सर्वांनी सहकार्य करावे."

पाठवायला हात धजत नाहीये. शेजारच्या टीममध्ये असाच मेल शुक्रवारी संध्याकाळी गेला आणि सोमवारी दोघांनी राजीनामे टाकले. माझ्या टीममधल्या एकीचं बाळ ज्या पाळणाघरात असतं ते ७ वाजता बंद होतं. एकाच्या वडिलांना आठवड्यातून तीनदा संध्याकाळी डायलिसिसला न्यावं लागतं. मेलमध्ये काय असावं, त्याआधी काय तपासावं, आणि किती दिवस आधी सांगणं बंधनकारक आहे?

रोहित_क

अपॉइंटमेंट लेटर काढून बघा. "कामाच्या गरजेनुसार कोणत्याही शिफ्टमध्ये काम करावे लागेल" असं वाक्य जवळपास प्रत्येक आयटी कंपनीत असतं आणि सगळ्यांनी त्यावर सही केलेली असते. त्यामुळे मेल पुरेसा आहे. नोटीस वगैरे कारखान्यांना लागते, आयटीला नाही. उगाच फार समजावत बसलात तर जो तो आपली अडचण घेऊन येईल.

डिलिव्हरीवाला

मृण्मयीताई, मेल थांबवा, कारण त्यातली वेळ फक्त महिनाभर टिकणार आहे.

न्यू जर्सीत सध्या उन्हाळी वेळ चालू आहे. आपण त्यांच्यापेक्षा साडेनऊ तास पुढे, म्हणून त्यांचे दुपारचे १२ म्हणजे आपले रात्रीचे ९.३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे यंदा १ नोव्हेंबरला, ते घड्याळ एक तास मागे घेतील. मग फरक साडेदहा तासांचा होतो आणि त्यांचे १२ म्हणजे आपले १०.३०. हे थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत चालतं. तुम्ही "९.३०" लिहून पाठवलंत तर ऐन दिवाळीच्या तोंडावर, ८ नोव्हेंबरच्या आसपास, दुसरा मेल टाकावा लागेल की आता १०.३० पर्यंत थांबा. पहिला मेल लोक गिळतील, पण दुसऱ्यानंतर तुमच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तेव्हा दोन्ही वेळा आत्ताच लिहा, तारखांसकट.

करारात काय लिहिलंय तेही बघा. पुष्कळ लोक सवयीने "ईएसटी" लिहितात. ती काटेकोर अर्थाने फक्त हिवाळ्याची वेळ. उन्हाळ्यात त्यावरून एक तासाचा वाद होतो आणि मी तो होताना पाहिलाय. करारात नुसतं "ईटी" किंवा "न्यूयॉर्कची स्थानिक वेळ" असं करून घ्या. रोजच्या हँडओव्हर कॉलचं निमंत्रण भारतीय वेळेत न टाकता `America/New_York` या झोनमध्ये टाका, म्हणजे १ नोव्हेंबरनंतर ते आपोआप सरकेल.

अजून एक गोष्ट. तुमच्याकडे त्यांच्या रात्रीच्या बॅच जॉब्सची देखरेख आहे का? असेल तर सगळी टीम १२.३० ला आणणं धोक्याचं आहे. आपले सकाळी ९.३० ते १२.३० म्हणजे आत्ता त्यांचे मध्यरात्री १२ ते ३. बॅच बहुधा तेव्हाच चालते. ती पडली तर बघायला कोणीच नसेल, आणि १२.३० ला तुमची पहिली व्यक्ती लॉगिन करेपर्यंत त्यांच्या सकाळच्या रिपोर्टची वेळ हातातून गेलेली असेल.

चाकणकर

आमच्या कंपनीत मागच्या वर्षी ए, बी, सी शिफ्टच्या वेळा अर्धा तास पुढे ढकलल्या. नोटीस बोर्डावर कागद लागला, युनियनशी बोलणं झालं, मग लागू. पण बसच्या वेळा बदलायला कोणी लक्षातच घेतलं नव्हतं. पहिला आठवडा राजगुरुनगरकडची पोरं गेटवर ताटकळत उभी. तुमच्याकडे कॅब असतात ना? तुमची युनियन काय म्हणते?

मृण्मयी_हिंजवडी

@चाकणकर, आमच्याकडे युनियन नाही. कॅब आहे, पण फक्त रात्री ८ नंतर सुटणाऱ्यांना, आणि तीही महिनाभर आधी ट्रान्सपोर्ट डेस्कला नावं दिली तर.

@डिलिव्हरीवाला, बॅच आमच्याकडेच आहे. रात्री साडेबाराला सुरू होते त्यांच्याकडे, म्हणजे आपले सकाळचे दहा. हे मॅनेजरांच्या हिशोबात आलेलंच नाही.

एडिसनकर

मी इकडे न्यू जर्सीत क्लायंटच्याच बाजूला काम करतो (तुमच्या नव्हे, दुसऱ्या). आमच्याकडून "दुपारी १२ पर्यंत कव्हर हवं" अशी मागणी जाते तेव्हा ती बहुतेकदा एखाद्या घटनेतून आलेली असते. सकाळी ९ ते ११ मध्ये सिस्टीम बसली, भारतातले लोक घरी गेलेले, आणि कोणाला उठवायचं हे कळलं नाही. आम्हाला अकरा माणसं नको असतात. गंभीर तिकीट आलं तर पंधरा मिनिटांत फोन उचलणारा, सिस्टीम माहीत असलेला माणूस हवा असतो. तुमच्या बाजूला पोहोचेपर्यंत त्याचं "सगळ्यांची शिफ्ट बदला" होतं.

म्हणून क्लायंटच्या मॅनेजरला तीन गोष्टी लेखी विचारा. कोणत्या दर्जाच्या तिकिटासाठी, किती माणसं, आणि तुमच्या सुट्ट्यांच्या दिवशीही का. थँक्सगिव्हिंगला इकडे शुकशुकाट असतो आणि तिकडे मुलं उगाच साडेदहापर्यंत बसतात. हे विचारल्याने कोणी रागावत नाही, उलट आम्हाला बरं वाटतं की समोरच्याने विचार केलाय.

कावेरी_एचआर

रोहित यांचं अर्धं बरोबर आहे. लेटरमधल्या वाक्यामुळे शिफ्ट बदलण्याचा अधिकार कंपनीला मिळतो. पण कायद्याच्या दोन गोष्टी त्या वाक्याने मिटत नाहीत.

पहिली नोटीस. औद्योगिक विवाद कायद्यात कामाच्या वेळा बदलण्याआधी २१ दिवसांची नोटीस होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही तेच २१ दिवस आहेत. ही तरतूद कामगारांना लागू होते आणि सपोर्ट इंजिनिअर कामगार ठरतो का, हे हुद्द्यावर नाही तर तो प्रत्यक्षात काय काम करतो यावर ठरतं. "आयटी आहे म्हणून लागू नाही" असं सरसकट म्हणता येत नाही. मी स्वतः वाद घालत बसत नाही, सगळ्यांनाच २१ दिवस देते. १ ऑक्टोबरला सुरू करायचं तर मेल ९ सप्टेंबरपर्यंत गेला पाहिजे. १४ ला गणपती आहेत, म्हणजे निम्मी टीम कोकणात जायच्या आधीच हे झालेलं बरं.

दुसरी गोष्ट मुलींची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्रीला काम द्यायचं तर तिची संमती लागते, शिवाय सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहन. तुमची ऑक्टोबरची शिफ्ट नेमकी त्या रेषेवर संपते. हँडओव्हर दहा मिनिटं लांबला की रेषा ओलांडली, आणि नोव्हेंबरपासून तर रोजच. त्यात केंद्राच्या व्यावसायिक सुरक्षितता संहितेत संमतीची वेळ संध्याकाळी ७ पासून सुरू होते. आमच्याकडे त्यामुळे ७ नंतर संपणाऱ्या प्रत्येक शिफ्टला आधी लेखी संमती घेतात. लेटरवरची जुनी सही त्यासाठी पुरेशी धरत नाहीत.

रोहित_क

संमती कोणी दिली नाही तर? मग सगळा उशिराचा भार पोरांवर पडणार. तेही अन्यायाचंच झालं.

कावेरी_एचआर

रास्त प्रश्न आहे. त्यावर मला पैशांखेरीज दुसरा उपाय चाललेला दिसला नाही. उशिराच्या शिफ्टचा भत्ता खरा असेल तर लोक स्वतःहून नावं देतात. पण बऱ्याच कंपन्यांत भत्ता रात्री १० नंतर संपणाऱ्या शिफ्टलाच असतो, म्हणजे ऑक्टोबरात शून्य आणि नोव्हेंबरात सुरू. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते मेलच्या आधी बघा, कारण टीम पहिला प्रश्न तोच विचारेल.

मृण्मयी_हिंजवडी

सगळ्यांचे मनापासून आभार. एडिसनकरांनी सांगितलेले प्रश्न मी मॅनेजरांमार्फत पाठवले. उत्तर आलं: फक्त पहिल्या दर्जाच्या तिकिटांसाठी, एका वेळी दोन माणसं पुरेत, अमेरिकेतल्या सुट्टीला नको. गेल्या महिन्यात त्यांचं बिलिंग सकाळी दोन तास बंद होतं, त्यातून हे निघालं.

मग रोटा असा बसवला. आठवड्याला तिघं उशिराच्या शिफ्टला, दोन ड्यूटीवर आणि एक रजा-आजारपणासाठी राखीव. बाकी आठ जण आहे त्याच वेळेला, म्हणजे बॅचही सांभाळली जाते. सगळ्यांनी भाग घेतला तर प्रत्येकाची पाळी साधारण चार आठवड्यांतून एकदा. भत्त्याची अट १० नंतरचीच निघाली. ऑक्टोबरसाठी तो द्यावा असं लिहून पाठवलंय, अजून उत्तर नाही.

मेलच्या आधी सगळ्यांशी एकेकट्याने बोलतेय. त्यानंतर मेल असा जाईल:

"गेल्या महिन्यात क्लायंटचं बिलिंग त्यांच्या सकाळी दोन तास बंद होतं आणि त्या वेळी आपल्यापैकी कोणी उपलब्ध नव्हतं. म्हणून त्यांनी त्यांच्या दुपारी १२ पर्यंत दोन जणांची मागणी केली आहे. १ ऑक्टोबरपासून दर आठवड्याला तीन जण उशिराच्या शिफ्टमध्ये असतील. वेळ ३१ ऑक्टोबरपर्यंत दुपारी १२.३० ते रात्री ९.३०. अमेरिकेतलं घड्याळ बदलल्यावर, २ नोव्हेंबरपासून १३ मार्चपर्यंत दुपारी १.३० ते रात्री १०.३०. इतरांची वेळ बदलणार नाही. घरापर्यंत कॅब मिळेल. अडचण असेल त्यांनी १५ सप्टेंबरपर्यंत मला सांगावं, रोटा त्यानंतर पक्का होईल."

डिलिव्हरीवाला

छान झालंय. एकच बदल: "१५ पर्यंत" नको. त्या दिवशी अर्ध्या टीमच्या घरी दीड दिवसाचं विसर्जन असेल. १८ करा. आणि भत्त्याबद्दल मेलमध्ये एक ओळ हवीच, "ऑक्टोबरच्या भत्त्याचा निर्णय अजून झालेला नाही" एवढी का होईना. गाळलंत तर त्याचा अर्थ "मिळणार नाही" असा घेतला जाईल.

मृण्मयी_हिंजवडी

दोन्ही बदल करते. अजून एक अडलंय. पाळणाघरवालीने संमती द्यायला नकार दिलाय आणि डायलिसिसवाल्याला फक्त मंगळवार-गुरुवार जमेल, म्हणजे आठवड्याची पाळी त्याच्यासाठी मोडावी लागेल. या दोघांच्या सवलतीचं कारण टीमला न सांगता रोटा कसा लावायचा? कारण सांगितलं तर त्यांच्या घरच्या गोष्टी चव्हाट्यावर येतात, नाही सांगितलं तर बाकीचे विचारणार.

कावेरी_एचआर

कारण तुम्ही सांगू नका. त्या दोघांना विचारा, काय आणि किती सांगायचं ते त्यांना ठरवू दे. डायलिसिसवाल्याच्या बाबतीत आमच्याकडे आठवड्याऐवजी दिवसांची अदलाबदल चालली होती. पण तिथे टीम वीस जणांची होती, अकरात बसेल का ते मांडून बघावं लागेल.