मदत हवी आहे: बँकेला हप्ते बदलून मागायचंय, प्रोजेक्शन किती खरं दाखवू?

नमस्कार मंडळी, भोसरीत आमचं छोटं प्रेस पार्ट्सचं युनिट आहे, अकाउंट्स-फायनान्स मीच बघतो. मशीनचं टर्म लोन १.८ कोटी बाकी, ११ टक्के, ४२ महिने राहिलेत, हप्ता साधारण ५.१८ लाख. मोठ्या गिऱ्हाइकाने पेमेंट ६० वरून ९० दिवसांवर नेलं आणि आता हप्ता भरण्याआधी हातात महिन्याला जेमतेम २.३ लाख उरतात. अजून एकही हप्ता चुकलेला नाही, म्हणून पत्र आत्ताच द्यायचंय, उशीर झाला की खात्यावर एसएमएचा, म्हणजे थकबाकीच्या इशाऱ्याचा, शिक्का बसतो.

मागणी अशी, सहा महिने फक्त व्याज, म्हणजे १.६५ लाख, मग ६० हप्ते ३.९१ लाखाचे. नवी ऑर्डर सुरू झाली की ५ लाख उरतील, म्हणजे डीएससीआर, उरलेली रक्कम भागिले हप्ता, १.२८ येतो, जुन्या हप्त्यावर तो एकच्या खाली जातो. शीटमध्ये मी पैसे बिलाच्या तारखेला नाही तर प्रत्यक्ष जमा होतात त्या महिन्यात धरलेत, आधी उलटं केलं होतं आणि सगळं गुलाबी दिसत होतं!

आता घोळ असा की आमचे साहेब म्हणतात महिन्याला ७ लाख उरतील असं दाखव. मला वाटतं ऑर्डर लांबली तर ४.२ लाखच उरतील, डीएससीआर १.०७, हाही तक्ता जोडावा. जोडला तर बँक घाबरेल का? आणि रिस्ट्रक्चर म्हटलं की खातं थेट एनपीए धरतात म्हणे, कोणी यातून गेलंय का?