प्रतिसाद: एझेड गटातला साठा

> 'एबीसी आणि एक्सवायझेड एकत्र केल्यावर एझेड गटातल्या वस्तूंचा सेफ्टी स्टॉक अवाढव्य येतोय. सूत्र चुकतंय का?'

सूत्र बरोबर असेल, आधी वर्गीकरण तपासा. एबीसी वस्तूंना वापराच्या मूल्यावरून विभागतं आणि एक्सवायझेड मागणीच्या चढउतारावरून, म्हणजे एझेड ही जास्त मूल्याची पण बेभरवशाच्या मागणीची वस्तू; सेफ्टी स्टॉक हा अशा अनिश्चिततेसाठी राखून ठेवलेला साठा. चलन गुणांक, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, तुम्ही महिन्याच्या आकड्यांवर काढला असणार. समजा एक महागडी वस्तू एकच ग्राहक दर तिसऱ्या महिन्याला १२० नग घेतो, बाकी महिने शून्य. सरासरी ४०, प्रमाण विचलन साधारण ५७, गुणांक १.४. बहुतेक जण १ च्या वर झेड धरतात, म्हणून ती थेट झेडमध्ये जाते. माल मागवल्यापासून हाती येईपर्यंतचा लीड टाइम एक महिना आणि ९५ टक्के सेवा पातळी धरली (१.६५ × ५७), तर सूत्र ९० च्या वर नग कायमचे ठेवायला सांगतं. तेच आकडे तिमाहीने मांडले की गुणांक शून्य! मागणी अनिश्चित नाहीच, फक्त ठरावीक अंतराने येते. इथे ग्राहकाच्या वेळापत्रकाला जोडून खरेदी करा. उशिराची जोखीम म्हणून थोडे दिवस आधी माल आणला की पुरे.

म्हणून झेडमधल्या प्रत्येक ए वस्तूचा महिनावार आलेख एकदा डोळ्यांनी बघा. ए वस्तू मोजक्याच असतात, फार वेळ जात नाही. हंगामी माल आणि एखादी एकदाच आलेली मोठी ऑर्डरही अशीच झेडमध्ये घुसते.

चाळणीनंतर उरतील त्या खऱ्या एझेड. त्यांना सरासरीवर आधारलेलं सूत्र लावूच नका, शक्यतो ऑर्डर आल्यावरच मागवा. सीझेडचं मात्र उलटं: स्वस्त आहे, जास्तीचा साठा ठेवून मोकळे व्हा.