धुळवडीच्या तेलाचा मजकूर

"बाटलीवर ‘तेल लावा, रंग चढणारच नाही’ असे लिहिले तर चालेल का?"

तसे लिहू नये, कारण तेलाचा थर रंग पूर्णपणे अडवत नाही, तो फक्त रंगाला घट्ट बसू देत नाही. मी असे लिहीन: ‘खेळायला निघण्याच्या अर्धा तास आधी कानांमागे, नखांच्या कडांना आणि भांगात तेल चोळा. परतल्यावर कोरडा गुलाल झटकून काढा, पुन्हा तेल लावून कापसाने पुसा आणि मगच सौम्य शाम्पूने कोमट पाण्यात केस धुवा.’ हा क्रम मजकुरात यायलाच हवा, कारण गुलालावर थेट पाणी पडले की रंग विरघळून भांगातल्या त्वचेवर पसरतो. उरलेला डाग घासू नये, हे वाक्यही, जागा कितीही अपुरी असली तरी, कृपया गाळू नका.