मदत हवी आहे: एमएम कन्सल्टंटच्या रेझ्युमेत गो-लाइव्हचं काम कसं लिहू?

रानजाई
मी पुण्यात एसएपी एमएमची फंक्शनल कन्सल्टंट आहे. इम्प्लिमेंटेशन एकच झालंय: चाकणची गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, दोन प्लांट, एस फोर हाना. त्यातही मी रिअलाइझ टप्प्यात आले, एक्सप्लोरची वर्कशॉप्स सीनियरने घेतली होती. त्याआधी एका औषध कंपनीच्या सपोर्टवर होते. कटओव्हरला माझ्याकडे ओपन पीओ आणि जॉबवर्करांकडचा स्टॉक होता, नंतर हायपरकेअरभर प्लांटवर बसले. रेझ्युमेत हे सगळं 'एंड टू एंड इम्प्लिमेंटेशन, गो-लाइव्ह सपोर्ट' एवढ्या एका ओळीत उरकलंय. काय बदलू?

कोरा_कागद
मॉड्यूल्स वाढव. एमएमबरोबर एसडी, पीपी, क्यूएम टाक. रिक्रूटर शब्द टाकून शोधतात, शब्दच नसला तर रेझ्युमे वर येत नाही. 'एंड टू एंड' अजिबात काढू नकोस.

मिरजकर
आमची लहान फाउंड्री आहे, सध्या टॅलीवर चालतं. एसएपीला खर्च किती येईल ते ताईंनी सांगावं.

रानजाई
मिरजकर, वेगळा धागा काढा ना, तिथे लिहिते.

जुना_खांब
कोरा_कागद, शोधाचं तुमचं बरोबर आहे. पण ते शब्द वरच्या स्किल्सच्या ओळीत असले की पुरे. प्रोजेक्टखाली पीपी लिहिलं की मुलाखतीला पीपीवाला बसवतात आणि तो एमआरपीच्या सेटिंगपासून सुरुवात करतो. रानजाई, तू पीपी आणि क्यूएमशी जिथे जोडून काम केलंस तेवढंच लिही. एफआयबरोबर OBYC ची खाती तपासली असशील तर ते नक्की लिही, एमएमच्या माणसाकडून ते सगळे विचारतात.

टप्प्याचं सरळ लिही: 'रिअलाइझ ते रन'. एक्सप्लोर नसल्याने काही बिघडत नाही. ते लिहिलंस तर 'फिट टू स्टँडर्डमध्ये कुठले गॅप निघाले, ते कोणी मान्य केले' हा प्रश्न येणारच.

खरा माल तुझ्या ओपन पीओत आहे. समज, पीओ १००० नगांचा. ६०० आले, त्यातल्या २०० चं बिल अजून यायचंय. पूर्ण १००० चा पीओ चढवला तर एमआरपीला वाटतं की १००० यायचेत, आणि नवी मागणी कमी निघते. ४०० चा चढवला तर ते दुखणं जातं, पण २०० चं बिल MIRO मध्ये कशाच्या आधारावर घेणार? तुम्ही काय केलं होतंत?

रानजाई
पीओ ६०० चा चढवला. त्यातल्या २०० ची 101 ने आवक केली आणि 561 च्या ओपनिंग स्टॉकमधून तेवढेच २०० वजा केले. पीओवर ४०० उरले, जीआर/आयआरमध्ये २०० चा बोजा दिसला.

जुना_खांब
मग हेच लिही की! कुठल्या ऑब्जेक्टची जबाबदारी तुझी होती, अर्धवट आलेल्या पीओंचा नियम कसा ठरवला, आणि कशाशी जुळवून पाहिलं. स्टॉकची किंमत जुन्या ट्रायल बॅलन्सशी, जीआर/आयआर जुन्या सिस्टिममधल्या बिल न आलेल्या आवकेच्या यादीशी. नियम ठरवताना सीनियर होता तर 'सीनियरबरोबर' लिही. जॉबवर्करांकडच्या स्टॉकची वेगळी ओळ कर: प्लेटिंग, हीट ट्रीटमेंटला गेलेला माल विशेष स्टॉक O मध्ये चढवला, आणि जॉबवर्करांनी सही केलेल्या यादीशी ताडला. सुट्या भागांच्या कंपनीला हे वाचताच कळतं की बाईने शॉप फ्लोअर पाहिलाय. हायपरकेअरमध्ये कुठल्या तऱ्हेची तिकिटं आली तेही एका ओळीत.

दुपारचा_चहा
माझा सगळा अनुभव सपोर्टचा. मी टप्पे कुठून आणू?

जुना_खांब
आणू नका. सपोर्टवालाही नवा प्लांट जोडतो, वर्षअखेर सांभाळतो, बदलाची मागणी आल्यावर स्पेक लिहून टेस्टिंगपर्यंत नेतो. ते लिहा. रानजाई, तुझं औषध कंपनीचं काम त्याच पद्धतीने लिही. बॅच आणि एक्सपायरी हाताळली असेल तर ते आधी.

कोरा_कागद
आणि क्लायंटचं नाव? लिंक्डइनवर सगळे बिनधास्त लिहितात.

जुना_खांब
करारात गुप्ततेचं कलम असेल तर लिहू नये. उद्योग, प्लांट किती, वापरकर्ते अंदाजे किती, एवढ्यावर काम भागतं.

कोरा_कागद
नाव नसेल तर रिक्रूटर खोटं समजतात, दोनदा ऐकून घेतलंय मी.

रानजाई
माझ्या ऑफर लेटरमध्ये त्याबद्दल काही नाही, पण कंपनीचा क्लायंटशी काय करार आहे ते मला दाखवणार कोण? एचआरला विचारलं तर नोकरी शोधतेय हे कळेल. तोवर 'चाकणची टियर वन पुरवठादार' एवढंच ठेवते.

दुपारचा_चहा
चाकणमध्ये दोन प्लांटची टियर वन आणि एस फोर म्हटलं की निम्म्या लोकांना नाव कळेल.