मी केलेलं काम, मांडलं मात्र दुसऱ्यानेच: तुमचे अनुभव सांगा

पाऊलवाट
काल लेक शाळेतून रडवेली होऊन आली. गटाच्या प्रकल्पाची सगळी मांडणी हिने केली आणि बाईंसमोर 'मी केलं' म्हणाली मैत्रीण. मला माझी जुनी नोकरी आठवली.

दर महिन्याला ग्राहकांकडच्या थकबाकीचा तक्ता मी करायचे. शेजारचा सहकारी आदल्या संध्याकाळी म्हणायचा, "पाठव ना, एकदा नजर टाकतो." सकाळी तोच तक्ता त्याच्या स्लाइडवर, "मी काढलंय" म्हणून. दोनदा गप्प बसले. तिसऱ्या वेळी साहेबांनी विचारलं, "९० दिवसांवरची थकबाकी खातेवहीशी का जुळत नाही?" तो अडखळला. मी शांतपणे म्हटलं, "परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोट निघायच्या आहेत. ती रक्कम मी तक्त्यातून वगळली, खातेवहीत ती अजून येणं म्हणून दिसते." पुढचे सगळे प्रश्न आपोआप माझ्याकडे आले. त्याच्याबद्दल एक शब्दही बोलावा लागला नाही.

तुम्ही काय केलंत?

खारुताई
अगं लेक कशी आहे आता? तिला जवळ घे आधी.

पाऊलवाट
बरी आहे गं. आज बाईंशी स्वतःच बोलणार म्हणतेय.

जुनं_खोड
सोपं आहे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये Author बघा. तिथे तुमचं नाव असतं, दाखवायचं आणि विषय संपला.

रातराणी_२
दादा, थोडं जपून. Author म्हणजे फाइल पहिल्यांदा ज्याने बनवली तो. आमच्याकडे सगळे एकाच जुन्या फाइलची कॉपी करून काम करतात, त्यामुळे दरवेळी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव दिसतं. आणि ते नाव कुणालाही बदलता येतं. गूगल शीटमधली Version history जास्त कामाची, कुठला बदल कुणी कधी केला ते दिसतं. पण समोरच्याने Make a copy केली की त्याच्या कॉपीत इतिहास नव्याने सुरू होतो. म्हणून मूळ फाइल आपल्याच खात्यात ठेवायची.

तरी मी कुणाला हे पुरावे दाखवत बसले नाही. त्याने माणसं बचावात जातात आणि साहेबांना भांडण सोडवायचा कंटाळा येतो. मी एवढंच बदललं की कच्चं काम एकट्या सहकाऱ्याला पाठवायचं नाही. मीटिंगच्या आदल्या दिवशी त्याला आणि साहेबांना एकाच मेलमध्ये: 'तक्ता जोडला आहे. अमुक दोन नोंदींची खात्री करायची आहे, उद्या दुपारपर्यंत करते.' तीन ओळी. तक्रार नाही, पण काम कुणाच्या हातात आहे ते सगळ्यांना आधीच कळतं.

जुनं_खोड
कॉपीचं माहीत नव्हतं. आमच्याकडे तर सगळं डाउनलोड करूनच फिरतं.

रातराणी_२
मग तिथे इतिहास मिळणारच नाही. मेलच धरा.

ढगफुटी
माझे तर साहेबच माझं काम वर मांडतात. त्यांच्यावर कुणाला मेल करू? चार वर्षं झाली.

पाऊलवाट
ढगफुटी, ते वेगळं गं. टीमचं काम वर मांडणं हे त्यांचं कामच असतं. फक्त नाव घेतात का, ते बघ.

ढगफुटी
नाही घेत. कधीच नाही.

खारुताई
😔

मोरपीस
ऑफिसला निघालेय, घाईत लिहिते. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीनेही असंच केलं होतं, मी तिच्याशी एकांतात बोलले. 'तू नेहमी असं करतेस' हे वाक्य टाळलं, त्यावर वाद घालता येतो. म्हटलं, "मंगळवारी तू 'मी बनवलं' म्हणालीस, ते डिझाइन माझं होतं. मला वाईट वाटलं. पुढच्या वेळी माझा भाग मी मांडेन." ती खरंच गोंधळली. रंग आणि मजकूर तिने बदलला होता, त्यामुळे तिला ते तिचंच वाटत होतं! आता सुरुवातीलाच कोण काय मांडणार ते ठरवतो. सगळेच मुद्दाम करतात असं नाही.

पाऊलवाट
माझा मात्र मुद्दाम करायचा. एकटं गाठून विचारलं तर म्हणाला, "टीमचंच काम ना?" मी म्हटलं, "हो, म्हणून पुढच्या महिन्यापासून तक्ता मीच मांडते, वसुलीचं तू बोल." साहेबांनाही तसंच कळवलं. तक्ता सुटला. बोलताना माझ्या कल्पना मात्र तो शेवटपर्यंत उचलत राहिला, त्यावर मला काही सापडलं नाही.

रातराणी_२
तोंडी कल्पनांचं अवघड आहे. मी बोलून झालं की लगेच मेलवर टाकते, तरी निम्म्या निसटतात.

ढगफुटी
मोरपीस, ते 'माझा भाग मी मांडेन' साहेबांना कसं म्हणायचं? उद्या दुपारी मीटिंग आहे.

मोरपीस
आज रात्रीच विचार, "उद्या आकड्यांवर प्रश्न आले तर मी उत्तरं देऊ का?" बहुतेक हो म्हणतील. पोचले ऑफिसला, संध्याकाळी बघते.

खारुताई
पाऊलवाट, बाई काय म्हणाल्या लेकीला?